केसांच्या काळोखात जंगल

बाजूने टिपलेला एक चेहरा. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची रेषा स्वच्छ, डोळा जिवंत. पण कानाच्या मागे केस संपतात आणि झाडं सुरू होतात. खोडं मानेतून वर चढतात, फांद्या माथ्यापाशी पसरतात आणि त्यांच्या टोकाशी डोकं कुठे संपलं नि आकाश कुठे लागलं ते कळतच नाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, सिनेमांच्या पोस्टरांवर, आणि आता लग्नाच्या अल्बममध्येही असं चित्र आपण पाहिलेलं असतं. त्याला डबल एक्स्पोजर म्हणतात. २०१४ साली आलेल्या 'ट्रू डिटेक्टिव्ह' या अमेरिकन मालिकेची शीर्षकं या पद्धतीची होती. लुइझियानातले तेल-रसायनांचे कारखाने आणि ओसाड प्रदेश पात्रांच्या चेहऱ्यांत आणि देहांत भरलेले. त्या शीर्षकांना त्या वर्षीचं एमी पारितोषिक मिळालं आणि त्यानंतर या शैलीची लाटच आली.

हे चित्र संगणकावर पहिल्यांदा करू पाहणारा माणूस बहुधा एकाच वाटेने जातो. तो चेहऱ्याची कड काळजीपूर्वक कापतो, त्या आकारात जंगलाचा फोटो बसवतो आणि जंगल थोडं पारदर्शक करतो. तयार होतं ते चित्र भेळेच्या पुड्यासाठी कापलेल्या छापील कागदासारखं दिसतं. आकार माणसाचा, मजकूर जंगलाचा आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. केसांची भुरभुर नाहीशी होऊन डोक्याला हेल्मेटसारखी कड आलेली असते, आणि चेहऱ्यावर सगळीकडे सारखाच धूसर हिरवा थर पसरलेला असतो.

चूक हाताच्या कौशल्यात नसते, समजुतीत असते. डबल एक्स्पोजरमध्ये जंगल आकारात भरायचं नसतं. ते अंधारात भरायचं असतं. जिथे पहिला फोटो काळा आहे तिथेच दुसऱ्याला जागा मिळते, जिथे तो पांढरा आहे तिथे दुसरा उमटूच शकत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की कापाकापीचं निम्म्याहून अधिक काम उरतच नाही.

हा नियम फिल्मच्या कॅमेऱ्यातून आला आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि फिल्म धुतल्यावर तो बदल दिसू लागतो. एका चौकटीवर एक फोटो घेतला आणि फिल्म पुढे न सरकवता त्याच चौकटीवर दुसरा घेतला, तर दोन्हींचा प्रकाश तिथे जमा होतो. प्रकाश फक्त वाढतो. एकदा पडलेला प्रकाश परत काढून घेता येत नाही. आता पहिला फोटो पांढऱ्या आकाशापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या काळ्या आकृतीचा असेल, तर आकाशाच्या जागेचे कण आधीच पुरते वापरले गेलेले असतात. माणसाच्या जागेचे मात्र जवळजवळ कोरे असतात. त्यावर झाडांचा फोटो घेतला की झाडं माणसाच्या आकृतीतच उमटतात. कुणी कापलं नाही, कुणी चिकटवलं नाही, आणि तरी केसाच्या एकेका बटेपर्यंत कड अचूक येते.

सिनेमाच्या आरंभीच्या कलावंतांनी हे फार लवकर ओळखलं होतं. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १८९८ साली केलेल्या एका छोट्या चित्रपटात तो स्वतःचं मुंडकं काढून टेबलावर ठेवतो, मग दुसरं, मग तिसरं, आणि ती मुंडकी त्याच्यासमोर गाऊ लागतात. त्याने मागे काळी पार्श्वभूमी ठेवली होती, म्हणजे फिल्मचा तेवढा भाग कोरा राहत असे, आणि तीच फिल्म पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यातून फिरवली होती. काळं म्हणजे राखून ठेवलेली जागा. पुढे निकॉन एफएम-२ सारख्या कॅमेऱ्यांत फिल्म न सरकवता शटर पुन्हा चढवण्यासाठी वेगळी छोटी कळच दिलेली असे. आणि ख्रिस्तोफर रिलँडर या फिनलंडच्या छायाचित्रकाराने 'वी आर नेचर' या मालिकेतले माणूस आणि झाडं यांचे मिलाफ डिजिटल जमान्यातही कॅमेऱ्यातच घडवले.

संगणकावर फिल्मचं हे काम Screen नावाचा ब्लेंड मोड करतो. फोटोशॉप असो, मोफत मिळणारं गिंप असो किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, नाव सगळीकडे तेच आहे. ब्लेंड मोड म्हणजे वरच्या लेयरमधला ठिपका खालच्या ठिपक्यात कसा मिसळायचा याचा हिशोब. Screen चा हिशोब समजायला सोपा आहे, फक्त प्रकाशाऐवजी शिल्लक अंधार मोजायचा. खालच्या फोटोने किती अंधार शिल्लक ठेवला, त्यातला किती वरच्याने राहू दिला, यांचा गुणाकार म्हणजे उरलेला अंधार.

आकडे घेऊन पाहू. शुद्ध काळं म्हणजे ० टक्के पांढरं, शुद्ध पांढरं म्हणजे १००. काळ्याभोर केसांचा पांढरेपणा १० टक्के धरा, म्हणजे अंधार ९०. त्यावर झाडाचं खोड आलं, पांढरेपणा २०, अंधार ८०. नव्वदाचे ऐंशी टक्के म्हणजे ७२ अंधार, अर्थात २८ टक्के पांढरं. त्याच केसांवर खोडामागचं धुकं आलं, पांढरेपणा ९०, अंधार १०, तर उरतो ९ टक्के अंधार आणि ९१ टक्के पांढरं. खोड २८ वर, धुकं ९१ वर. मध्ये ६३ चा फरक आहे, म्हणून केसांमध्ये झाड ठसठशीत दिसतं.

आता गालाकडे या. गालाचा पांढरेपणा ६० धरू, अंधार ४०. त्यावर तेच खोड आलं तर ३२ अंधार उरतो, म्हणजे ६८ टक्के पांढरं. धुकं आलं तर ४ अंधार, ९६ टक्के पांढरं. फरक फक्त २८. झाड धड दिसत नाही आणि धुक्याखालचा गाल मात्र पुरता विटून जातो. हौशी कामांत चेहरा आजाऱ्यासारखा पांढुरका का दिसतो, त्याचं उत्तर या हिशोबात आहे. आणि पार्श्वभूमी शंभर टक्के पांढरी असेल तर अंधार शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. म्हणून डोक्याबाहेर जंगल आपोआप नाहीसं होतं.

तेव्हा काम सुरू होतं कॅमेऱ्यापाशी. एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. साठीपुढची एक बाई, डोक्यावर अंबाडा, बाजूने चेहरा. केस अर्धे काळे, अर्धे पिकलेले. ही निवड मुद्दाम केली आहे, कारण या विषयावरच्या धड्यांत नेहमी काळ्याभोर किंवा दाट केसांची तरुण मॉडेल असते आणि सगळं पहिल्या फटक्यात जमतं. आपल्या घरातली माणसं तशी नसतात.

उघड्या गच्चीवर, ढगाळ दिवशी, कॅमेरा जरा खाली ठेवून फोटो घ्यायचा, म्हणजे डोक्यामागे फक्त आकाश येतं. ढगाळ आकाश हा मोठा पांढरा पडदाच असतो आणि तो फुकट मिळतो. एक्स्पोजर असं ठेवायचं की आकाश बर्न होईल. एरवी लग्नाच्या फोटोत आकाश बर्न झालं तर फोटोग्राफरला बोलणी बसतात, इथे तेच हवं आहे. मात्र ते अगदी थोडं बर्न व्हावं. फार जास्त केलं तर प्रकाश कडेवरून आत सरकतो, नाकाचा शेंडा आणि पापण्या झिजल्यासारख्या दिसतात. घरात भिंतीपुढे फोटो घेणार असाल तर माणसाला भिंतीपासून दोन मीटर तरी पुढे उभं करायचं आणि दिवे भिंतीवर टाकायचे, माणसावर नाही. भिंतीजवळ उभं केलं की भिंतीवरून परतलेला प्रकाश गालाला आणि केसांना गुंडाळतो आणि हवा असलेला काळोख नाहीसा होतो.

चेहरा पूर्ण बाजूने असावा. थोडासा जरी कॅमेऱ्याकडे वळला तरी दूरच्या डोळ्याची पापणी नाकाच्या रेषेत घुसते आणि रेषा बिघडते. अंबाडा चांगला, कारण डोक्याला ओळखता येईल असा आकार मिळतो. फेटा, पदर, जटा, टोपी, सगळं चालतं. अंबाड्यावर गजरा असेल तर एक मौज घडते. गजरा पांढरा, म्हणून त्यात जंगल शिरत नाही. काळ्या अंबाड्यात झाडं उगवतात आणि त्यांच्या मधोमध कळ्यांची वेढणी जशीच्या तशी राहते. मी तो गजरा कधी काढायला सांगणार नाही. चष्म्याचं मात्र वेगळं आहे. काचेत आकाशाचं प्रतिबिंब पडलं की तिथे पांढरा तुकडा राहतो आणि तो भोक पडल्यासारखा दिसतो.

जंगलाच्या फोटोची निवड याहून महत्त्वाची आहे आणि बहुतेक कामं इथेच फसतात. लोक घनदाट, हिरवंगार, काठोकाठ पानांनी भरलेलं जंगल निवडतात. त्यात सगळा पांढरेपणा ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये घुटमळतो, ना काळं खोड ना पांढरं आकाश. Screen केल्यावर केसांवर नुसती करडी-हिरवी खिचडी होते. हवं ते जंगल विरळ असतं. जवळची झाडं काळी, मागे फिकट होत जाणारी आणि त्यांच्या वर मोकळं पांढरं. पावसाळ्यातलं महाबळेश्वर यासाठी फार उत्तम. तिथली अंजनी आणि जांभळाची झाडं वाऱ्यामुळे फार उंच वाढत नाहीत. खोडं वाकडी, शेवाळलेली, फांद्या तुटक, आणि जुलै-ऑगस्टात मागे दाट धुकं. धुकं हेच पांढरं आकाश. पहिल्या रांगेतलं झाड काळं दिसतं, दुसऱ्या रांगेतलं करडं, तिसऱ्यातलं जेमतेम. हा चढ-उतार डोक्याच्या आकारात आला की तिथे खोली तयार होते.

या धुक्याचं आणखी एक काम आहे. ते डोक्याच्या कडेशी आलं की कड पुसून टाकतं, कारण केसांवर धुकं पडलं की ९१ टक्के पांढरं, आणि बाहेर १०० टक्के पांढरं. दोन्हींतला फरक डोळ्याला क्वचितच कळतो. म्हणून झाडांच्या शेंड्यांपाशी डोकं विरघळल्यासारखं वाटतं. ते विरघळवण्यासाठी कुणी ब्रश फिरवलेला नसतो.

आता संगणक. खाली चेहऱ्याचा लेयर, वर जंगलाचा. पण जंगलाला हात लावण्याआधी चेहऱ्याची पार्श्वभूमी खरोखर पांढरी आहे का ते तपासायचं, डोळ्यांवर विसंबून नाही. ढगाळ आकाश डोळ्याला पांढरं दिसतं, पण ड्रॉपर नेऊन आकडे वाचले तर कित्येकदा २५५ ऐवजी २३५ निघतं. म्हणजे ९२ टक्के पांढरं आणि ८ टक्के अंधार. त्या आठ टक्क्यांत जंगल शिरतं: खोडाच्या जागी साडेसहा टक्क्यांच्या आसपास अंधार राहतो, धुक्याच्या जागी एक टक्काही नाही. परिणाम असा की डोक्याबाहेर मोकळ्या जागेत फांद्यांची पुसट भुतं दिसतात. कमी उजेडाच्या पडद्यावर ती लक्षात येत नाहीत, छापून आल्यावर मात्र मळकट डाग होऊन समोर येतात. उपाय Levels मध्ये. पांढऱ्या टोकाचा स्लायडर २५५ वरून २३० च्या आसपास आणायचा, म्हणजे त्याहून उजळ ते सगळं शुद्ध पांढरं होतं. भुतं शिल्लक आहेत का हे पाहायची हमखास युक्ती म्हणजे सगळ्यांत वर एक तात्पुरता Levels लेयर टाकून काळ्या टोकाचा स्लायडर उजवीकडे २२० पर्यंत ओढायचा. जे काही पांढऱ्याहून जराही कमी आहे ते लगेच गडद होऊन उघडं पडतं. तपासणी झाली की तो लेयर काढून टाकायचा.

आपल्या उदाहरणातल्या पिकलेल्या केसांचा प्रश्न इथे सोडवावा लागतो. त्यांचा पांढरेपणा ५० टक्के धरला तर खोडाच्या जागी ६० येतो आणि धुक्याच्या जागी ९५. फरक ३५, काळ्या केसांच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे काळ्या पट्ट्यात झाड स्पष्ट आणि शेजारच्या पांढऱ्या बटेत ते अचानक फिकट. यावर केस सरसकट काळे करू नयेत; ते त्या बाईचे राहत नाहीत. Curves चा लेयर घेऊन फक्त केसांपुरता, मास्कच्या आधारे, मधला भाग खाली ओढायचा, इतकाच की पन्नासचे तीसच्या आसपास यावेत. मग पिकल्या बटा ओळखू येतात आणि झाडालाही जागा मिळते. त्या मास्कची कड कानाजवळ आणि कपाळाजवळ मऊ ठेवायची, नाहीतर केसांना कलप लावल्यासारखी रेघ दिसते.

मग जंगलाच्या लेयरला Screen लावायचा आणि तो हलवून, लहान-मोठा करून, फिरवून बसवायचा. या कामाला घाई करू नये. झाडांचे बुंधे मानेपाशी किंवा खांद्याच्या कडेला आले, आणि शेंड्यांची रांग डोक्याच्या मागच्या गोलाईबरोबर चालली, तर जंगल त्या डोक्यातच उगवलं असं वाटतं. एखादं जाड खोड डोळ्यावरून किंवा तोंडावरून जात असेल तर सगळा फोटो सरकवलेला बरा. जंगलाला पाच-दहा अंश मागे झुकवलं तर फांद्या माथ्याबाहेर पसरल्यासारख्या होतात. क्षितिजाची आडवी रेघ मात्र मानेला छेद देऊन जाऊ नये, चिरल्यासारखी दिसते.

मास्क येतो तो यानंतर. मास्क म्हणजे लेयरला जोडलेला एक करडा पडदा. त्यात पांढरं असेल तिथे लेयर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धवट. फोटोशॉपमध्ये लेयरच्या यादीखालच्या बटणाने तो जोडता येतो, गिंपमध्ये Layer > Mask मधून Add Layer Mask निवडायचं. खोडरबर वापरण्यापेक्षा मास्क बरा, कारण खोडरबराने गेलेलं झाड परत येत नाही. मास्कवर काळ्याऐवजी पांढरा ब्रश फिरवला की ते परत येतं.

ब्रश मोठा आणि पूर्ण मऊ, जोर १० ते १५ टक्के. रंग काळा. डोळ्यापासून सुरुवात करायची आणि एकेका फिरवणीत जंगल थोडं थोडं मागे सारायचं: डोळा, भुवई, नाक, ओठ. गालाच्या मध्यापर्यंत चेहरा बहुतेक मोकळा ठेवायचा आणि कानाकडे जाताना झाडं दाट होऊ द्यायची. ब्रशचा आकार चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असला तरी चालेल. छोट्या ब्रशने केलेल्या कामात ठिपक्यांची माळ दिसते. एखादी फांदी जिथून सुरू होते तिथूनच मास्कचा उतार सुरू केला तर तो उतार लपतो, कारण डोळा फांदीच्या मागे जातो. आणि सगळं झाल्यावर एक-दोन पानं गालावर मुद्दाम राहू द्यावीत. चेहरा आणि जंगल यांच्या मधोमध सरळ सीमा असेल तर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवल्यासारखे दिसतात.

आतापर्यंत झाडं डोक्याच्या आतच आहेत, बाहेर पांढऱ्यात Screen काही उमटवू शकत नाही. पण माथ्यावरच्या दोन फांद्या डोक्याबाहेर आकाशात गेल्या तर चित्राला मोकळेपणा येतो. त्यासाठी जंगलाच्या लेयरची मास्कसकट प्रत घ्यायची, तिला Screen ऐवजी Multiply लावायचा, तिचा मास्क संपूर्ण काळा करायचा आणि फक्त त्या दोन फांद्यांपुरता पांढरा ब्रश फिरवायचा. Multiply चा हिशोब नेमका उलटा आहे. त्यात पांढरेपणाचा गुणाकार होतो, म्हणून पांढरं नाहीसं होतं आणि काळं टिकतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर धुकं जवळजवळ जातं आणि फांद्या उरतात. धुक्याचा उरलेला दहा टक्के करडेपणा घालवायला त्या प्रतीवर Levels ने पांढरं टोक ओढावं लागतं. दोन्ही लेयर एकमेकांवर नेमके बसलेले असल्यामुळे आतली फांदी आणि बाहेरची फांदी एकच दिसते, डोक्याची कड तिला तोडत नाही. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. एकच झाड, अर्धं प्रकाशाने काढलेलं आणि अर्धं अंधाराने.

रंगाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. त्वचेचा तांबूस रंग आणि पानांचा हिरवा Screen मध्ये एकत्र आले की मळकट पिवळट काहीतरी होतं. म्हणून दोन्हींपैकी एक तरी फोटो कृष्णधवल करावा. बहुतेक चांगल्या कामांत चेहरा कृष्णधवल असतो आणि जंगलाचा रंगही निम्म्याने उतरवलेला असतो. शेवटी सगळ्यांवर एकच हलकी छटा, निळसर किंवा मातकट, फार तर दहा-पंधरा टक्के. दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या उजेडात घेतलेले फोटो तेवढ्याने एका हवेत येतात.

जंगलाऐवजी शहर घ्यायचं असेल तर नियम तोच राहतो पण चित्र पार बदलतं. दिवसाचं शहर घेतलं तर आकाश पांढरं, इमारती काळ्या, म्हणजे जंगलासारखंच. फक्त इमारतींच्या कडा सरळ असतात आणि चेहऱ्यात एकही सरळ रेघ नसते, त्यामुळे शहराला गालावर यायची परवानगी जंगलापेक्षा कमी द्यावी लागते. खिडक्यांच्या रांगा त्वचेवर आल्या तर पुरळासारख्या दिसतात. रात्रीचं शहर मात्र निराळंच वागतं. रात्रीच्या मरीन ड्राइव्हचा फोटो घ्या. आकाश काळं, समुद्र काळा आणि दिव्यांची वळलेली माळ. Screen मध्ये काळं काहीच करत नाही, खालचा फोटो आहे तसा राहतो. म्हणून डोकं विरघळत नाही, त्याची कड ठाम राहते, केस काळेच राहतात, आणि त्यांत फक्त दिवे उमटतात. ती माळ कानामागून मानेकडे उतरवली की चेहऱ्याला मास्क लावायची गरजही फारशी उरत नाही. दिव्यांच्या फोटोत काळं आकाश कित्येकदा पुरतं काळं नसतं, शहराच्या उजेडाने तांबूस झालेलं असतं. तो तांबूसपणा केसांवर धुरकट थर होऊन बसतो. तिथे Levels चं काळं टोक ओढून आकाश शून्यावर आणायचं. जंगलाच्या वेळी पांढऱ्याची शुद्धता तपासली, इथे काळ्याची.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये Double Exposure हे साधन आहे. चेहऱ्याचा फोटो उघडून त्यावर जंगल टाकायचं, Lighten निवडायचा आणि सरकपट्टीने प्रमाण ठरवायचं. मग View edits मध्ये जाऊन त्या पायरीवर ब्रशचं चिन्ह निवडलं की मास्कसारखंच काम बोटाने करता येतं. बोटाने पापणीपर्यंत पोचता येत नाही, पण पांढऱ्या आकाशापुढचा चेहरा आणि धुक्यातली झाडं हे दोन फोटो बरोबर असतील तर ब्रशला फार काम उरत नाही.

छपाईला देताना एक काळजी घ्यावी. अशा चित्रात पार्श्वभूमीचं पांढरं म्हणजे कागदाचंच पांढरं, तिथे शाई पडतच नाही. त्यामुळे चित्राची चौकट दिसत नाही आणि डोकं थेट पानावर उभं राहतं. पण डोक्याच्या विरघळत्या कडेला जे दोन-तीन टक्क्यांचे फिकट करडे भाग असतात, ते छपाईत टिकतीलच असं नाही. कागदावर इतके बारीक ठिपके काही जागी उमटतात, काही जागी उमटत नाहीत, आणि मऊ उतार अचानक तुटतो. म्हणून कडेचा करडेपणा एकतर पाच टक्क्यांच्या वर ठेवावा किंवा सरळ शून्य करावा. वर्तमानपत्री कागदावर याउलट घडतं. शाई पसरते, केसांतलं २८ टक्के पांढरं खोड आणि त्याच्याभोवतीचे काळे केस एक होऊन जातात. तिथे देताना आख्खं चित्र पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटेल इतकं करून द्यावं आणि छापखान्यात पहिला कागद निघाल्यावर खोडं मोजता येतात का तेवढं पाहावं.